पावाच्या बेकरीत केक सुरू करण्याआधी ब्रेक-इव्हनचा हिशेब कसा मांडायचा

गल्लीतल्या पावाच्या बेकरीत केकचा काउंटर टाकायचं मनात आलं की मालक पहिला हिशेब बोटांवरच करतो. अर्ध्या किलोचा केक तीनशेला जातो, माल लागतो सव्वाशेचा, म्हणजे एका केकमागे पावणेदोनशे सुटले. पावाच्या लादीमागे सुटतात सहा-सात रुपये. मग केकच बरा, असं वाटणं साहजिक आहे. मी छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहितो. याच हिशेबावर घेतलेला काचेचा कुलर वर्षभरात विकायला काढलेलाही मी पाहिला आहे. तिथे केक चांगला होता आणि गिऱ्हाईकही होतं. मांडायचं राहून गेलं होतं ते एवढंच की केकसाठी दर महिन्याला नवा बांधील खर्च, म्हणजे माल विकला-न विकला तरी होणारा खर्च, किती वाढणार आणि केक भट्टीत गेला की पावाचं काय होणार.

किती माल विकला की ना नफा ना तोटा, तो आकडा म्हणजे ब्रेक-इव्हन. त्याचा हिशेब एका नमुन्याच्या बेकरीवर करून दाखवतो. शहराच्या उपनगरात भाड्याचा गाळा, एक डेक ओव्हन, दोन कारागीर, काउंटरवर एक मुलगा, आणि माल एकच, सहा पावांची लादी. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तिथे तुम्ही तुमचे टाका. रीत तीच राहील.

आधी जुन्या मालाचा हिशेब, तोही वजनकाट्यावर

नव्या मालाचा विचार करण्याआधी जुन्या मालात नेमके किती सुटतात ते कळायला हवं. एक लादी विकली की तिच्यापायी झालेला खर्च वजा जाऊन जे हातात उरतं, त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. मी त्याला 'सुटणारे पैसे' म्हणतो. भाडं, पगार, लाइटबिल या पैशांतून भागतं, आणि ते भागून उरला तर नफा.

दहा किलो मैद्याचा एक घाणा घ्या. मैदा ३५ रुपये किलोने ३५० रुपयांचा. ताजं यीस्ट २०० ग्रॅम, मीठ, ३०० ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम वनस्पती तूप आणि थोडा इम्प्रूव्हर यांचे मिळून ८५, आणि ट्रेला लावायच्या तेलाचे १५. एकूण ४५० रुपये. पाणी ५.८ लिटर धरलं तर मळलेलं पीठ सुमारे १६.८ किलो होतं. हाताला, मशीनला, ओट्यावर लागून थोडं जातं, १६.४ किलो उरतं. एक गोळा ४५ ग्रॅमचा, म्हणजे लादी २७० ग्रॅमची. घाण्यात ६० लाद्या बसतात. पन्नास किलोच्या गोणीला ३०० लाद्या, आणि लादीमागे माल ७.५० रुपयांचा.

हा आकडा कागदावर काढून थांबू नका. सकाळी गोळे पडत असताना काटा घेऊन कारागिराशेजारी उभे राहा आणि वेगवेगळ्या ट्रेमधले वीस गोळे मोजा. हाताच्या अंदाजाने तोडलेला गोळा ४५ ऐवजी ४८ ग्रॅमचा निघणं अगदी नेहमीचं आहे. तीन ग्रॅम डोळ्याला दिसत नाहीत, पण त्याच घाण्यात मग साठऐवजी सत्तावन्न लाद्या होतात आणि लादीमागचा माल जवळपास ४० पैशांनी महागतो. महिन्याला वीस हजार लाद्या भाजणाऱ्या बेकरीत हे आठ हजार रुपये होतात. रोज काटा लावणं जमत नसेल तर गोणीमागे लाद्या मोजा. तीनशेच्या जागी २८५ येऊ लागल्या की गोळा वाढला आहे किंवा लाद्या कुठेतरी मोजणीबाहेर जात आहेत.

इंधनाचे दोन भाग

गॅसचं बिल कुठे धरायचं यावर बरेचजण अडतात. भट्टी तापवायला लागणारा गॅस शंभर लाद्या केल्या काय आणि हजार केल्या काय, लागणारच. त्यापुढचा गॅस मात्र मालाबरोबर वाढतो. हे दोन भाग वेगळे करायला जास्त मालाचा एक महिना आणि कमी मालाचा एक महिना घ्या, पण दोन्ही महिन्यांत गॅसचा दर सारखा हवा. समजा एका महिन्यात २०,००० लाद्या भाजल्या आणि बिल २९,००० आलं. सुट्टीच्या महिन्यात १४,००० भाजल्या, बिल २३,०००. सहा हजार लाद्या कमी, सहा हजार रुपये कमी, म्हणजे लादीमागे एक रुपया. वीस हजार लाद्यांचे वीस हजार काढले तर उरलेले ९,००० हा भट्टी तापवण्याचा बांधील खर्च.

पिशवी-कागदाचे ५० पैसे धरले की भाजलेल्या एका लादीचा बदलता खर्च ७.५० अधिक १ अधिक ०.५०, म्हणजे ९ रुपये होतो.

पण भाजलेली प्रत्येक लादी विकली जात नाही. गाडीवाल्यांकडून परत आलेली, करपलेली, संध्याकाळी उरलेली मिळून या बेकरीत शंभरातल्या दहा जातात. म्हणून ९ ला ०.९० ने भागायचं. विकलेल्या लादीमागे खर्च पडतो १० रुपये. उरलेल्या पावांचे टोस्ट करून काही पैसे येत असतील तर ते वेगळे लिहा, या हिशेबात मिसळू नका. मिसळले की परतीचं प्रमाण वाढल्याचं लक्षात येत नाही.

भाव दोन असतील तर

काउंटरवर लादी २० रुपयांना जाते आणि वडापावच्या गाड्यांना १६ ला. काउंटरच्या लादीमागे १० सुटतात, गाडीच्या लादीमागे ६. शंभरातल्या ४० काउंटरवर आणि ६० गाड्यांना जात असतील तर सरासरी भाव १७.६० आणि सुटणारे पैसे ७.६०. हे चाळीस-साठचं प्रमाण आठवणीवर सोडू नका, पंधरा दिवस वहीत लिहा. काउंटरचा वाटा चाळीसवरून पंचवीसवर आला तर लाद्या तितक्याच विकूनही लादीमागे ७ रुपयेच उरतात, आणि पुढे दिसेल की तेवढ्यानेच नफ्याचा बराचसा भाग जातो.

बांधील खर्चात मालकाचा पगार धरा

आता महिन्याचा बांधील खर्च. भाडं २२,०००. दोन कारागिरांचे मिळून ३८,०००. काउंटरवरच्या मुलाचे १२,०००. लाइटबिल ६,०००. भट्टी तापवण्याचा गॅस ९,०००. ओव्हन आणि मिक्सरची झीज ५,०००. दुरुस्ती, फोन, परवाने, किरकोळ ४,६००. आणि मालकाचा स्वतःचा पगार २५,०००. बेरीज १,२१,६००.

शेवटचा आकडा लिहायला सांगितला की समोरचा माणूस हमखास अडखळतो. "मी कसला पगार घेतो, उरलं ते माझंच." पण पहाटे चारला उठून भट्टीशी उभं राहणाऱ्या माणसाच्या मेहनतीची किंमत धरली नाही, तर तोट्यातला धंदाही नफ्यातला दिसतो. गाळा स्वतःचा असेल तरी तीच गोष्ट. तो दुसऱ्याला दिला असता तर जे भाडं आलं असतं तेवढं लिहायचं.

कारागिरांना महिन्याचा पगार नसून गोणीमागे मजुरी असेल तर ती बांधील खर्चात येणार नाही. ती लादीच्या नऊ रुपयांत मिळवायची. दोन्हीकडे मात्र धरू नका.

भागाकार एवढाच:

```
ब्रेक-इव्हन = महिन्याचा बांधील खर्च ÷ एका नगामागे सुटणारे पैसे
१,२१,६०० ÷ ७.६० = १६,००० लाद्या
```

महिन्याला १६,००० लाद्या विकल्या की ना नफा ना तोटा. ही बेकरी विकते १८,०००. वरच्या दोन हजार लाद्यांचे १५,२०० रुपये हा तिचा नफा. दिवसाच्या हिशेबात सहाशे लाद्या विकल्या जातात, त्यातल्या ५३३ पर्यंत फक्त खर्च भागतो. मोकळीक उरते सदुसष्ट लाद्यांची. रोज सत्तर-ऐंशी लाद्या उचलणारा एक मोठा गाडीवाला तुटला, तर गाडीच्या लादीमागे सहाच सुटत असले तरी ती बरीचशी संपते. आणि काउंटरचा वाटा पंचवीसवर आला, लादीमागे ७ रुपये उरले, तर त्याच १८,००० लाद्यांवर नफा फक्त ४,४०० होतो.

केक सुरू करायचा की नाही हे ठरवताना ही मोकळीक समोर हवी. ती आत्ताच पातळ असेल तर आधी गोळ्याचं वजन आणि परतीचं प्रमाण धरा. तिथे सापडणारे पैसे कुलर न घेता मिळतात.

केकचा हिशेब: फक्त वाढणारा खर्च

नव्या मालाच्या हिशेबात माणसं दोन टोकांना जातात. काहीजण जुन्या भाड्याचा अर्धा भाग केकवर टाकतात आणि केक परवडत नाही म्हणून सोडून देतात. पण भाडं केक नसतानाही २२,०००च होतं. काहीजण केकवर काहीच टाकत नाहीत, कारण 'भट्टी आहेच, माणसं आहेतच'. केकवर फक्त तोच खर्च टाका जो केकमुळे नव्याने होणार आहे. तो मात्र सगळा टाका.

आपल्या बेकरीत केकसाठी आयसिंग करणारा कारागीर लागेल, १८,०००. कुलर आणि डीप फ्रीज चोवीस तास चालतात, त्यांची वीज ६,०००. कुलर, फ्रीज, प्लॅनेटरी मिक्सर, टिन, टर्नटेबल मिळून १,८०,००० ची खरेदी, पाच वर्षांत वाटली तर झिजेचे महिन्याला ३,०००. हिशेबनिसाची वाढीव फी १,५००, किरकोळ १,५००. एकूण ३०,०००.

अर्ध्या किलोच्या केकचा बदलता खर्च असा: स्पंजचं प्रीमिक्स आणि तेल ३५, व्हिपिंग क्रीम ३६, क्रश-चॉकलेट-फळं २४, डबा-बोर्ड-मेणबत्ती-सुरी २०, भाजण्याचं इंधन ५. मिळून १२०. क्रीमचा केक कुलरमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे विकण्यासारखा राहत नाही. सुरुवातीला दहा केक केले की आठ विकले जातील असं धरा. १२० भागिले ०.८० म्हणजे विकलेल्या केकमागे १५०. गिऱ्हाईक देतं ३१५, त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे आपले ३००. केकमागे सुटले १५०.

बोटांवरचे पावणेदोनशे असे दीडशेवर आले. ३०,००० भागिले १५० म्हणजे महिन्याला २०० केक, दिवसाला जवळपास सात. दिवसाला आठ विकले, महिन्याला २४०, तर ३६,००० सुटतील आणि ३०,००० जाऊन ६,००० उरतील.

हे दिवसाचे आठ सरासरीचे आहेत, आणि केक सरासरीने विकला जात नाही. शनिवार-रविवारी वीस जातील आणि मंगळवारी दोन. रोज दहा करून ठेवले तर मंगळवारचे आठ गुरुवारी फेकावे लागतील आणि वाया जाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांवर राहणार नाही. म्हणून स्पंज तयार ठेवायचा, क्रीम मात्र आदल्या दिवशीच्या ऑर्डरी बघून लावायची आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी कुलरमध्ये तीन-चारच केक मांडायचे. विक्री अॅपवरून करणार असाल तर कमिशन त्या केकच्या बदलत्या खर्चात धरा. समजा ३०० वर २५ टक्के कमिशन, म्हणजे ७५ गेले, दीडशेचे पंच्याहत्तर राहिले. त्या वाटेने सगळी विक्री झाली तर दोनशेच्या जागी चारशे केक लागतील.

भट्टी रिकामी कधी असते

माझ्या मते सगळ्या निर्णयाची किल्ली इथे आहे, आणि हीच गोष्ट वहीत कुठेच लिहिलेली नसते.

पाव साधारण २२० ते २३० अंशांवर भाजतो, स्पंज १७० ते १८० वर. दोघं एका वेळी एका भट्टीत नीट होत नाहीत. पावाच्या तापलेल्या भट्टीत स्पंज घातला तर वरून काळा पडतो, फुगून फुटतो आणि आत कच्चा राहतो. म्हणजे भट्टी उतरवायची, स्पंज भाजायचा, पुन्हा चढवायची. या ओव्हनला त्यात दीड तास जातो असं धरू. एरवी दर अर्ध्या तासाला ६० लाद्यांचा एक घाणा निघतो. म्हणजे दीड तासात तीन घाणे, १८० लाद्या, विकल्या जाणाऱ्या १६२.

आता हा दीड तास दुपारी दोन ते पाचच्या मधला असेल तर काय होतं बघा. त्या वेळचा पाव संध्याकाळच्या वडापावच्या गाड्यांना जातो. गाडीवाला थांबत नाही, पुढच्या बेकरीतून उचलतो. १६२ लाद्या, लादीमागे ६ रुपये, रोजचे ९७२. महिन्याला २९,१६०. हे पैसे कुठल्याही बिलात दिसत नाहीत, पण ते केकनेच खाल्लेले आहेत, म्हणून केकच्याच खात्यात लिहायचे.

दुपारी स्पंज भाजला तर २४० केकच्या ३६,००० मधून ३०,००० बांधील खर्चाचे आणि २९,१६० गेलेल्या पावाचे वजा होतात, म्हणजे महिन्याला २३,१६० चा तोटा. ब्रेक-इव्हन गाठायला ५९,१६० भागिले १५० असे ३९५ केक लागतात, दिवसाला तेरा. केक तोच, भाव तोच, आणि ब्रेक-इव्हन दुप्पट.

वाट सोपी आहे. शेवटचा पावाचा घाणा निघाल्यावर उतरत्या भट्टीवर स्पंज भाजायचा. भट्टी तशीही थंडच व्हायची असते, पाव अडत नाही. शिवाय रात्रभर विसावलेला स्पंज सकाळी कापताना चुरत नाही. त्यासाठी कारागिराला तासभर जास्त थांबावं लागेल. त्याचे पैसे केकच्या खात्यात टाका. महिन्याला २,००० दिले तरी ब्रेक-इव्हन फक्त चौदा केकने वाढतो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक आठवडा भट्टीची वही ठेवा: किती वाजता कुठला घाणा गेला, कधी निघाला, भट्टी कधी नुसती तापत राहिली. ज्या तासांत भट्टी रिकामी आहे तिथेच नवा माल बसवा. असा तास मिळत नसेल तर बाहेरून तयार स्पंज घेण्याचा भाव विचारा. स्पंज महाग पडेल, केकमागचे दीडशे कमी होतील, पण रोजचे ९७२ वाचतील.

जीएसटीचा उंबरठा

पाव-ब्रेडवर जीएसटी शून्य आहे. केक-पेस्ट्रीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला. यात पावाच्या बेकरीला एक गोष्ट अचानक अडवते. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. आपल्या बेकरीची पावाची उलाढाल महिन्याला ३,१६,८००, वर्षाला ३८ लाखांवर आहे. केक सुरू झाला की करपात्र माल आला, आणि मर्यादा मोजताना करमुक्त पावाची उलाढालही धरली जाते. ३८ लाखांत केकचे साडेआठ लाख मिळाले की महाराष्ट्रात माल विकणाऱ्यांसाठी असलेली ४० लाखांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे नोंदणी, रिटर्न आणि हिशेबनिसाची वाढीव फी, जी आपण वर धरली आहे.

छोट्या धंद्यांसाठी जीएसटीची कंपोझिशन नावाची सोपी स्कीम आहे. तिच्यात उत्पादकाला १ टक्काच भरावा लागतो, तेव्हा ती स्वस्त वाटते. पण उत्पादकासाठी तो टक्का एकूण उलाढालीवर आहे, त्यात पावही आला. पावाच्या ३,१६,८०० वर ३,१६८ आणि २४० केकच्या, ३१५ च्या भावाने, ७५,६०० वर ७५६, मिळून ३,९२४. नेहमीच्या पद्धतीत २४० केकचा कर ३,६००, त्यातून केकच्या मालावर भरलेल्या कराची वजावटही मिळते. या बेकरीला नेहमीची पद्धत बरी पडते. केकची विक्री पावाच्या बरोबरीला आली तर उत्तर बदलेल. तुमचे आकडे घेऊन कर सल्लागाराला हाच प्रश्न विचारा.

कुलर घेण्याआधी आठ रविवार

आता सगळं एका ठिकाणी. पावाचे सुटणारे १,३६,८००, केकचे ३६,०००, एकूण १,७२,८००. त्यातून जुने १,२१,६०० आणि नवे ३०,००० गेले की २१,२०० उरतात, आधी होते १५,२००. स्पंज रात्री भाजला तरच हे खरं. कारागिराला थांबण्याचे २,००० दिले तर १९,२००. झिजेचे ३,००० हातातून जात नाहीत, म्हणून केकमधून महिन्याला रोख ७,००० जमतात. १,८०,००० परत यायला सव्वीस महिने लागतील. तोवर रोज आठ केक विकले जायला हवेत.

ते विकले जातील का हे वहीत कळत नाही. आठ शनिवार-रविवार ऑर्डर घेऊन बघा. स्पंज बाहेरून घ्या, आयसिंगवाला रोजावर बोलवा, घरचा फ्रीज वापरा. केकमागे कमी सुटेल, पण बांधील खर्च जवळपास शून्य असेल. प्रत्येक विक्रीपुढे तीन गोष्टी लिहा: गिऱ्हाईक नवं की पाव नेणारं, केक ऑर्डरचा की मांडलेला, आणि दिवसअखेर किती उरले. आठवड्यात छप्पन्न केक हवे आहेत. शनिवार-रविवारी मिळून पस्तीस-चाळीस गेले तर मधले पाच दिवस उरलेले भरून काढू शकतील. दोन दिवसांत पंधराच गेले तर मधल्या वारांकडून एकेचाळीसची अपेक्षा करता येत नाही. तेव्हा कुलर घेऊ नका, रविवारच्या ऑर्डरी चालू ठेवा. पंधरा केक, प्रत्येकी शंभर जरी सुटले तरी आठवड्याला दीड हजार, महिन्याला सहा हजारांवर. कुलर, कारागीर आणि कर्ज घेऊन मिळणार होते तेवढेच.